युरीन इन्फेक्शननंतर आई अचानक असंबद्ध बोलायला लागली: घरच्यांनी काय समजून घ्यावं

प्रश्न: माझी आई ७९ वर्षांची आहे, साताऱ्याला भावाकडे असते. गेल्या आठवड्यापर्यंत दूधवाल्याचा हिशेब तीच ठेवायची. बुधवारी रात्रीपासून एकदम असंबद्ध बोलायला लागली. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणते, वारलेल्या आत्याला हाका मारते, मी ठाण्याहून गेले तर मलाही ओळखलं नाही. दिवसा झोपून असते, रात्री उठून दार उघडायला जाते. ताप १०१ होता, लघवीला जळजळ होती, तपासणीत पस सेल्स ३०-४० आले. अँटिबायोटिक सुरू होऊन तीन दिवस झाले, ताप गेला, पण डोकं ठिकाणावर नाही. बीपीची आणि शुगरची गोळी आधीपासून चालू आहे, सर्दीची गोळी आठवडाभर घेतेय, रात्री शांत राहावी म्हणून झोपेची गोळी तीन दिवसांपासून देतोय. भाऊ म्हणतो अल्झायमर झाला, मावशी म्हणते बाहेरचं आहे. आई पूर्वीसारखी होईल का?

उत्तर: बहुतेक होईल, पण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त दिवस लागतील. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा डेलिरियम आहे, म्हणजे शरीरातल्या आजारामुळे मेंदूचं काम तात्पुरतं विस्कटणं. जुनी माणसं तापात ‘वात झाला’ म्हणायची, तेच हे. अल्झायमर असा बुधवारी रात्री सुरू होत नाही. तो महिनोन्‌महिने हळूहळू चढतो आणि सुरुवातीला माणूस जागा असतो, समोरच्याकडे लक्ष देऊ शकतो, फक्त विसरतो. डेलिरियममध्ये पहिल्यांदा जातं ते लक्ष.

हे घरीच तपासता येतं. आई त्यातल्या त्यात बरी वाटत असेल तेव्हा तिच्याजवळ बसा आणि आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार असे. ज्या बाईने परवापर्यंत दुधाचा हिशेब ठेवला तिला हे सहज यायला हवं. डेलिरियममध्ये ती ‘रविवार, शनिवार’ म्हणेल आणि मग मध्येच पंख्याकडे बघायला लागेल, किंवा तेच दोन वार पुन्हा म्हणेल, किंवा तुमच्या हातातल्या बांगडीबद्दल विचारेल. धागा हातात राहत नाही. दुसरी खूण म्हणजे दिवसभरात होणारा चढउतार. सकाळी दहाला ती चहा मागेल, नातवाचं नाव घेईल, घरच्यांना वाटेल सुटलो. आणि दिवेलागणीला पुन्हा सगळं बिघडेल. या चढउतारामुळे घरात भांडणं होतात, कारण ज्याने सकाळची आई पाहिली तो म्हणतो ‘काही झालेलं नाही, मुद्दाम करते’ आणि रात्री जागणारा रडकुंडीला आलेला असतो. दोघांनीही खरंच पाहिलेलं असतं.

दिवसा ती झोपून असते त्याला आराम समजू नका. डेलिरियमचा एक प्रकार आरडाओरडीचा असतो आणि एक गप्प पडून राहण्याचा. तुमच्या आईत दोन्ही आळीपाळीने दिसतायत. गप्प प्रकाराकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण त्रास कुणालाच होत नसतो, पण त्यात पाणी-जेवण सुटतं, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात.

आता लघवीतल्या जंतूंचा डोक्याशी काय संबंध, हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. जंतू मेंदूत गेलेले नसतात. इन्फेक्शनशी लढताना शरीर रक्तात जी रसायनं सोडतं त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. तरुणपणी कडक ताप आला की आपल्यालाही काही सुचत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही; तेच इथे फार जोरात होतं, कारण ऐंशीच्या घरातल्या मेंदूची राखीव ताकद कमी झालेली असते. लक्ष आणि स्मरण ज्या रसायनावर चालतं ते असिटिलकोलीन वयाबरोबर आधीच कमी झालेलं असतं. त्यात ताप, कमी पाणी, मोडलेली झोप आणि काही विशिष्ट गोळ्या यांची भर पडली की तोल जातो. बहुतेक वेळा एकच कारण नसतं, तीन-चार कारणं एकावर एक चढलेली असतात. म्हणूनच इन्फेक्शन आटोक्यात येऊनही डोकं लगेच जागेवर येत नाही.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं इथे आहे. ‘युरीन इन्फेक्शन’ हे नाव मिळालं की घरच्यांचा आणि कधीकधी डॉक्टरांचाही शोध थांबतो. तुमच्या आईला जळजळ होती, ताप होता, म्हणजे इन्फेक्शन खरंच होतं आणि अँटिबायोटिक योग्यच दिलं. पण नुसत्या पस सेल्सवरून काही ठरत नाही. सत्तरीपुढच्या बायकांमध्ये दहातल्या एक-दोघींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात, अंथरुणाला खिळलेल्यांमध्ये तर त्याहून बरेच जास्त. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितलंय की वृद्ध माणूस गोंधळलेला आहे आणि लघवीत जंतू आहेत, पण ताप, जळजळ, थंडी वाजणं असं काही नाही, तर आधी दुसरी कारणं शोधा, लगेच अँटिबायोटिक देऊ नका. आणि इन्फेक्शन खरं असलं तरी बाकीची कारणं शोधायची राहतातच.

एका आजींचं सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. वय ८१, निवृत्त शिक्षिका. तुमच्या आईसारखीच सुरुवात: ताप, जळजळ, मग रात्री बडबड. अँटिबायोटिकने ताप गेला, कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टप्रमाणे औषधही बरोबर होतं, पण चौथ्या दिवशी त्या जास्तच बिघडल्या. सारख्या कपडे ओढायच्या, पलंगावरून उतरायला बघायच्या, कुणी धरलं की मारायच्या. मुलगा म्हणाला, लघवी तर भरपूर होतेय, दर तासाला डायपर ओला होतोय. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या खाली घट्ट गोळा लागला, आणि तिथे दाबल्याबरोबर त्यांनी माझा हात झटकला. सोनोग्राफीत मूत्राशयात साधारण ७०० मिली लघवी निघाली. डायपर ओला होत होता तो भरून वाहणाऱ्या लघवीने. मूत्राशय रिकामं होतच नव्हतं.

का अडकली, तर सारखी लघवीला होते म्हणून कुणीतरी सोलिफेनासिनची गोळी सुरू केली होती. सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइन असलेलं सिरप चालू होतं. सहा दिवस शौचाला झालेली नव्हती. ही दोन्ही औषधं असिटिलकोलीन अडवतात. त्याने मूत्राशय आकसत नाही, आतडं सुस्तावतं आणि मेंदूही गढूळ होतो. त्यात भरलेलं आतडं मूत्राशयाचा रस्ता दाबतं. नळी घालून लघवी काढली, एनिमा दिला, दोन्ही औषधं बंद केली. कपडे ओढणं त्याच संध्याकाळी थांबलं. त्या बाई ‘वेड्यासारख्या’ करत नव्हत्या, त्यांना असह्य कळ होती आणि ती सांगण्याइतकं लक्ष उरलेलं नव्हतं. तीन रात्रींनंतर त्यांनी मुलाला नावाने हाक मारली. नळी लवकर काढली, कारण नळी स्वतःच नवं इन्फेक्शन आणते आणि गोंधळलेला माणूस ती उपटून रक्तस्राव करून घेतो. पूर्ण पहिल्यासारखं व्हायला मात्र महिन्याहून जास्त लागला. बरेच दिवस त्या वर्तमानपत्र हातात धरून बसायच्या पण वाचलेलं सांगता यायचं नाही.

तुमच्या आईकडे याच नजरेने बघूया. सर्दीची गोळी आधी बंद करा. तिच्या पाकिटावर क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन लिहिलंय का बघा. बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या मिश्र गोळ्यांत यातलं काहीतरी असतं. ऐंशीच्या माणसाला नाक वाहिलेलं परवडतं, ही गोळी परवडत नाही.

झोपेच्या गोळीबद्दल आजच डॉक्टरांशी बोला. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गटातली गोळी डेलिरियम लांबवते आणि माणूस रात्री पडतो. घरच्यांना वाटतं शांत झोप लागली, पण ती गुंगी असते, आणि दिवसा झोपून राहण्याचं एक कारण तीच असू शकते. तुम्ही तीनच दिवस देताय, त्यामुळे ती थांबवणं सोपं आहे. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी अशी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर मात्र एकदम बंद करू नका. अचानक तुटल्यानेही डेलिरियम होतो, फिट येऊ शकते. आई स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तर डॉक्टर हॅलोपेरिडॉल अगदी थोडं, पाव ते अर्धा मिलिग्रॅम, थोड्या दिवसांसाठी देतात. पार्किन्सनच्या रुग्णाला ते चालत नाही. आणि त्याने डेलिरियम बरा होत नाही, फक्त रात्र निभावते.

मग बीपीची गोळी. तिच्या नावाच्या शेवटी एच, सीटी असं काही असेल, किंवा आत हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड लिहिलं असेल, तर रक्तातलं सोडियम तपासून घ्याच. ते १३५ ते १४५ असायला हवं. जेवण कमी, त्यात ही गोळी, की ते घसरतं आणि १२५च्या खाली गेलं की माणूस गोंधळू शकतो. कमी निघालं तर घरी मिठाचं पाणी पाजत बसू नका. सोडियम फार झपाट्याने वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणून ते दवाखान्यात दिवसाला मोजूनमापून वाढवतात.

शुगरचं बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि आई दोन घासच खात असेल तर शुगर कमी होऊ शकते, विशेषतः इन्फेक्शनमध्ये किडनीवर ताण आलेला असताना. ती जास्त बिघडलेली असते नेमक्या त्या वेळी ग्लुकोमीटरने बघा. ७०च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

पोट आणि लघवीचं तर वर सांगितलंच. शेवटची शौचाला कधी झाली ते भावाला विचारा. ‘रोज होते’ हे उत्तर घेऊ नका, वार विचारा. लघवी झाल्यावर लगेच सोनोग्राफी करून आत किती उरली ते बघायला सांगा. शंभर मिलीच्या आत असेल तर चिंता नाही, तीनशेच्या वर म्हणजे अडकलीय. कल्चर पाठवलं असेल तर रिपोर्ट आतापर्यंत आलेला असेल. ताप गेलाय म्हणजे औषध लागू पडत असावं, तरीही रिपोर्टशी ताडून बघा. शिवाय औषध कोणतं आहे ते विचारा, कारण लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांनी काही वृद्धांना भ्रम होतो, आणि किडनी कमजोर असेल तर सेफेपीमनेही होतो. स्वतःहून कोर्स मोडू नका. बदलून मिळतं का एवढं विचारा. गेल्या महिन्याभरात ती कुठे पडली होती का, डोक्याला लागलं होतं का, हेही डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधा धक्कासुद्धा सांगा.

आता रात्रीचं. औषधाइतकाच परिणाम घरातल्या वागण्याचा होतो, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी हे आजारपणात कपाटात ठेवलं जातं, ते आधी बाहेर काढा. ज्याला नीट दिसत-ऐकू येत नाही त्याचा मेंदू रिकाम्या जागा स्वतः भरतो. अंधुक उजेडात भिंतीवरचे ओरखडे मुंग्या होतात, म्हणून खोलीत एक दिवा चालू ठेवा, पण डोळ्यांवर येणार नाही असा. रात्री एकाच ओळखीच्या माणसाने जवळ झोपावं. रोज वेगळा नातेवाईक नको, आणि बघायला येणाऱ्यांची रीघ तर नकोच.

आणि कृपा करून ‘मी कोण, सांग बघू?’ हे विचारणं थांबवा. आपल्याकडे प्रत्येक येणारा पलंगाशी वाकून हेच विचारतो. तिला उत्तर येत नाही, सगळे तिच्या तोंडाकडे बघत असतात, आणि ती आणखी घाबरते. त्याऐवजी आपणच सांगा: ‘आई, मी तुझी मुलगी, ठाण्याहून आलेय. आपण दादाकडे साताऱ्याला आहोत. तुला ताप आला होता, आता उतरलाय.’ दर वेळी तेच, शांतपणे, समोर येऊन. मुंग्यांवर वाद घालू नका आणि झाडू घेऊन मुंग्या मारल्याचं नाटकही करू नका. ‘तुला दिसतायत ना, मला नाही दिसत, पण मी इथेच आहे’ एवढं पुरतं. आत्याला हाक मारली तर ‘ती केव्हाच गेली’ असं सांगितल्यावर ती बातमी तिला दर वेळी नव्याने कळते. ‘आत्याची आठवण आली का?’ म्हणा आणि तिला बोलू द्या.

हात बांधू नका. बांधलेला माणूस जास्त झटापट करतो. दाराला वरची कडी लावा, गॅसचा सिलिंडर रात्री बंद करा, गादी जमिनीलगत घ्या. ती उठायला बघते तेव्हा बहुतेकदा लघवी लागलेली असते, तर झोपताना आणि मध्यरात्री एकदा स्वतःहून न्या. दिवसा जेवणाला आणि चहाला धरून खुर्चीत बसवा, खिडकीशी, उन्हाच्या उजेडात. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका. ती पाणी मागणार नाही, कारण तहान कळत नाही. जागी असताना दर तासाला अर्धी वाटी पाणी, ताक, पेज असं काहीतरी द्या, पण पूर्ण बसवून आणि नीट जागी असेल तरच, नाहीतर ठसका लागून ते फुप्फुसात जातं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

मावशींचं मन मोडू नका. अंगारा लावल्याने आईचं काही बिघडत नाही. पण धूप-धुरी, रात्री जमाव, उपास, आणि ‘आधी बाहेरचं बघू, मग दवाखाना’ हे होऊ देऊ नका. मावशींना तिच्याजवळ बसून जुन्या ओव्या म्हणायला सांगा. ओळखीचा आवाज कानावर पडणं हे खरोखर उपयोगी काम आहे.

घरी किती थांबायचं, तर ती हाका मारूनही जागी होत नसेल, अर्धा दिवस काहीच तोंडात जात नसेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल, श्वास जोरात चालत असेल, थंडी वाजून पुन्हा ताप आला, वरचं बीपी १००च्या खाली गेलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात-पाय लुळा पडला, फिट आली, किंवा पडून डोक्याला लागलं, तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ला फोन करा.

यातलं काही नसेल तर पुढचे दिवस साधारण असे जातात. आधी रात्रीची झोप सुधारते. मग बऱ्या वेळा लांबत जातात, भास कमी होतात. हिशेब, औषधं स्वतः घेणं, स्वयंपाकाचा क्रम ही कामं सगळ्यात शेवटी परततात, त्याला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. काही जणांत थोडी उणीव राहते. भावाच्या शंकेचं उत्तरही त्याच काळात मिळेल. आत्ता केलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीला काही अर्थ नाही. तीन महिन्यांनी करून घ्या. तोवर आठवा, गेल्या वर्षभरात ती तेच तेच विचारायची का, ओळखीच्या रस्त्यावर चुकायची का, पैशांत घोळ व्हायचे का. असं होत असेल तर आतून सुरू असलेला स्मृतिभ्रंश या आजाराने उघडा पडला असू शकतो. नसेल, तर पुढेही लक्ष ठेवायचं, कारण डेलिरियम होऊन गेलेल्या माणसाला पुढच्या ताप-ऑपरेशनमध्ये तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, स्मृतिभ्रंशाचीही. फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की हिला या गोळ्यांवर डेलिरियम झाला होता. पुढच्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

बरी झाल्यावर तिला या दिवसांतले तुकडे आठवू शकतात. बऱ्याच जणांना आपण कुणाला मारलं, शिव्या दिल्या हे आठवून लाज वाटते आणि ते कुणाशी बोलत नाहीत, वेड लागतंय या भीतीने आतल्या आत कुढतात. तुम्हीच विषय काढा आणि सांगा की तापामुळे आणि औषधांमुळे तसं झालं होतं.

कोर्स संपल्यावर ती बरी असेल तर ‘खात्रीसाठी’ लघवी पुन्हा तपासू नका. पस सेल्स किंवा जंतू पुन्हा दिसतील, त्यावर पुन्हा अँटिबायोटिक मिळेल, आणि पुढच्या खऱ्या इन्फेक्शनच्या वेळी तेच औषध लागू पडणार नाही. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं असं काही झालं तरच तपासा, आणि कल्चरचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी द्या.